मराठी म्हणींमधला दुहेरी अर्थ: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (इंदूरच्या उदाहरणांसकट)

आमच्या इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत "नवी म्हण बनवा" अशी स्पर्धा असते, आणि शाळेत मराठी शिकवायचो एवढ्याच कारणावरून मला त्याचा परीक्षक करून टाकलंय. स्पर्धा संपली की लोक घरी येतात, फोन करतात, जिन्यात अडवतात, की माझी म्हण का नाही आली हो, त्यात तर तीन-तीन श्लेष होते. तर हे सगळे प्रश्न एकदाच लिहून टाकतो म्हणजे जिन्यात तरी सुटका होईल.

म्हणींमध्ये श्लेष असतोच ना? सगळ्याच म्हणी शब्दखेळ असतात की.

नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. आपल्या बहुतेक म्हणींत जो खेळ आहे तो यमकाचा आहे. "गरज सरो वैद्य मरो", "अति तिथे माती", "दाम करी काम" यातल्या एकाही शब्दाला दुसरा अर्थ नाहीये, नुसता कानाला ठेका आहे. दुसऱ्या प्रकारात अख्खं चित्रच दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतं, म्हणजे "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणताना कोणी खरं अंगण बघायला जात नाही, पण तिथेही "अंगण" या शब्दाचे दोन अर्थ होत नाहीत.

श्लेष म्हणजे एकच शब्द, एकदाच उच्चारलेला, आणि दोन्ही अर्थ तिथे एकाच वेळी बसलेले. अशा म्हणी मराठीत कमी आहेत. म्हणून स्पर्धेत यमकाची चांगली म्हण आली तर मी ती म्हण म्हणून घेतो, पण "यात डबल मीनिंग आहे" असं सोबत लिहून पाठवू नका, नसतं.

मग खराखुरा दुहेरी अर्थ असलेली म्हण सांगा एखादी.

"जात नाही ती जात."

चार शब्द, त्यातला एक दोनदा, आणि बात खतम. शब्द दोनदा आला म्हणून वरच्या व्याख्येत हा काटेकोर श्लेष बसत नाही, पण दुहेरी अर्थाचा खेळ खराखुरा आहे. पहिला "जात" हा "जाणे" या क्रियापदाचा, दुसरा समाजातल्या जातीचा. गंमत म्हणजे यात कोट्याबिट्या करण्याचा आवच नाही, हे सरळ विधान आहे, जे जात नाही त्याचंच नाव जात. शब्दखेळ काढून "माणसाची जात सुटत नाही" असं म्हटलंत तर अर्थ तोच राहतो पण धार जाते, आणि चांगल्या शब्दखेळाची खूण हीच, की तो वरून लावलेला नसतो, काढला की वाक्यच बोथट होतं.

आता यातली एक बारीक गोष्ट. पुण्याकडचा माणूस हे म्हणेल तेव्हा दोन "जात" वेगळे ऐकू येतात. "मी जात आहे" मधला ज हा दाताजवळचा, "जरासा" मधल्यासारखा, आणि माणसाची "जात" मधला ज हा "जीव" मधल्यासारखा. म्हणजे कागदावर शब्द एक आणि तोंडात दोन. आमच्या इंदूरला मात्र पिढ्यानपिढ्या हिंदीत वावरून बऱ्याच जणांचे दोन्ही ज एकच झालेत. पुण्याच्या पाहुण्यांना ते खटकतं, लगेच दुरुस्त करायला जातात. पण या म्हणीपुरतं बोलायचं तर आमच्या तोंडी तिचा सांधा जास्त साफ जुळतो, हे मी त्यांना दरवेळी ऐकवतो.

च, ज, झ असलेला शब्द घेऊन काही करायचं असेल तर आधी मोठ्याने म्हणून बघा. "जरा" म्हणजे थोडं आणि "जरा" म्हणजे म्हातारपण, लिहिलं तर छान दिसतं, बोललं तर महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानाला ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हण कागदावर कमी आणि ओट्यावर जास्त जगते, त्यामुळे नुसतं डोळ्यांना जुळणारं काही उपयोगाचं नाही.

"मनी नाही भाव, म्हणे देवा मला पाव" यात तर तीन श्लेष आहेत, बरोबर?

हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो, आणि उत्तर आहे नाही, तिथे तीन श्लेषांची सोय आहे, श्लेष एकही नाही. फरक समजून घ्या.

मूळ म्हणीत "मनी" म्हणजे मनात, "भाव" म्हणजे भक्ती, "पाव" म्हणजे प्रसन्न हो, नवसाला पावणे मधलं पावणे. म्हणणाऱ्याला हा एकच अर्थ सांगायचाय. पण योगायोगाने तिन्ही शब्दांच्या मागे दुसरा शब्द उभा आहे. मनी म्हणजे पैसा, भाव म्हणजे दर, पाव म्हणजे खायचा पाव किंवा पावशेर. हे एकदा दिसलं की माणसाला राहवत नाही. एकाने पाठवली होती: "खिशात नाही मनी, भाव विचारी गुणी, म्हणे वडापावातला पाव तरी दे रे धनी." मी त्याला विचारलं, "हा गुणी कोण?" म्हणाला, "तो यमकासाठी आहे सर." धनी पण यमकासाठीच आला होता. तिन्ही शब्द फिरवायच्या नादात वाक्याला सांगायचं काय आहे तेच राहिलं नाही, आणि पाव तर वडापावात आधीच उघड झाला, त्यात लपलेलं काय राहिलं?

आता यातला एकच शब्द घ्या, पाव. दोन अर्थ: प्रसन्न हो, आणि चतुर्थांश. आता असा कोण आहे ज्याला देवाकडे या दोन्ही गोष्टी एकदमच मागायच्यात? परीक्षेचा निकाल लागायचा असलेला पोरगा, कर्जवाला, किंवा आमच्यासारखा एरियर्सची वाट बघणारा पेन्शनर. तो म्हणेल: "देवा, पूर्ण नाही तर निदान पाव."

बघा, काहीच ओढलं नाही. "पूर्ण" या शब्दाने चतुर्थांशाला हाक मारली आणि "देवा" या शब्दाने प्रसन्न होण्याला, बाकी वाक्य रोजचं. दोन्ही अर्थांना आपापला एकेक साक्षीदार वाक्यात हवा, बस. साक्षीदार नसेल तर दुसरा अर्थ कोणाला दिसत नाही, आणि प्रत्येक अर्थाचे चार-चार साक्षीदार बोलावलेत तर तो वडापाव होतो.

असे दुहेरी शब्द सापडतात कुठे? मला सुचतच नाहीत.

शब्दकोशात शोधू नका. तिथे "कर" म्हणजे हात, किरण, टॅक्स असली यादी मिळेल, आणि त्यातला हात नि किरण आज कोणी बोलत नाही. (तरी "कर नाही त्याला डर कशाला" वरून मार्चमध्ये इनकम टॅक्सचे विनोद होतातच. तिथला कर म्हणजे केलेलं कृत्य, पण दर मार्चला म्हणीचा अर्थ बदलतो म्हणा ना.)

मराठीत सगळ्यात जास्त माल आहे तो सामान्यरूपात. म्हणजे शब्दाला ला, चा, त, ने लागायच्या आधी त्याचं जे रूप बदलतं ते. मूळ शब्द दोन वेगळे असतात पण प्रत्यय लागताना दोघं एकाच दारातून आत येतात. "भाऊ" आणि "भाव" हे वेगळे शब्द आहेत, पण भाऊला "चा" लागला की "भावाचा" आणि भावाला "चा" लागला की तोही "भावाचा". म्हणून "देव भावाचा भुकेला" हे वाक्य एखाद्या भांडकुदळ भावाच्या तोंडी घातलंत की लगेच दुसरा अर्थ उभा राहतो, एक अक्षरसुद्धा न बदलता.

"पाय" आणि "पाया" तसंच. "पायात काटा" आणि "पायात दगड", पहिला शरीराचा, दुसरा घराचा, रूप एकच. "उचलली जीभ लावली टाळ्याला" मध्ये टाळा म्हणजे तोंडातली टाळू, पण टाळं म्हणजे कुलूप, त्याचंही "टाळ्याला"च होतं. आमच्या ओळखीतल्या एका दुकानदाराचं अति बोलण्यापायी दुकान बंद पडलं, तेव्हा कोणीतरी नुसती ही म्हण म्हटली, जशीच्या तशी, आणि सगळे गप्प झाले. त्या दिवशी तिथे त्याच्या दुकानाला खरंच टाळं होतं.

तर वहीत शब्द लिहायचे तर मूळ रूपात लिहू नका. ला, त, चा लावून लिहा. शेजारी शेजारी दोन शब्द एकसारखे दिसायला लागले की तिथे काहीतरी आहे.

माझ्या शब्दाला दोन अर्थ आहेत, तरी वाक्यात बसवला की एकच अर्थ उरतो. असं का होतं?

दहातल्या सात वेळा लिंगामुळे. आपल्याकडे क्रियापद लगेच चुगली करतं.

"वीट" घ्या. ती वीट म्हणजे घराची, तो वीट म्हणजे कंटाळा. "मला वीट आला" म्हटलं की कंटाळा, "वीट आली" म्हटलं की ट्रक. भूतकाळात दोन्ही अर्थ एकत्र ठेवायला जागाच नाही, आणि "वीट येतो, वीट येते" असं वर्तमानात केलं तरी तेच. पण भविष्यकाळात मराठीचं क्रियापद लिंग लपवतं. "येईल" हे तो, ती, ते सगळ्यांना एकच. म्हणून:

"घर बांधायला काढलंय ना, वीट येईल."

आमच्या मागच्या गल्लीत एकांचं बांधकाम दोन पावसाळे चाललं होतं, पहिल्या वर्षी मालक विचारायचे, वीट कधी येईल, दुसऱ्या वर्षी ते विचारायचे बंद झाले कारण ती आणि तो दोन्ही येऊन गेले होते. "वीट येईपर्यंत घर बांधलं" हेही चालतं, कारण "येईपर्यंत" मध्येही लिंग नाही.

"हार" मध्ये हाच प्रकार. तो हार फुलांचा, ती हार पराभवाची. "हार घातला" केलंत की संपलं. क्रियापदच काढून टाका: "निवडणुकीला उभे राहा, हार नक्की." नाहीतर "हार मिळेल" करा. आज्ञार्थ, भविष्यकाळ आणि क्रियापदाशिवायचं वाक्य, या तीन जागा आडोशाच्या आहेत. जुन्या म्हणींमध्ये क्रियापदं इतकी कमी का असतात याचं सगळं कारण हे नसेल, पण दोन अर्थ टिकवायला ती सवय फार कामाची आहे.

एक म्हण पहिल्यापासून बनवून दाखवा ना, नुसते नियम नको.

ठीक आहे. ही माझ्याच घरातली, म्हणजे नात्यातली, त्यामुळे नावं नाहीत.

राजवाड्याच्या मागच्या भागात एक जुना वाडा, दोन भाऊ, आयुष्यभर एका ताटात जेवलेले. जागेला गिऱ्हाईक आलं, आकडा ऐकल्यावर दोघांचं बोलणं बंद. मला यावर म्हण हवी होती. सांगायचं एकच: पैसा आला आणि नातं गेलं. शब्द समोरच होता, भाव.

पहिला प्रयत्न असा: "भावाने भावाला भाव न देता भाव खाल्ला." मला त्या रात्री हे फार भारी वाटलं. सकाळी बायकोला ऐकवलं, ती म्हणाली, "जीभ वळवायचा व्यायाम आहे का?" बरोबर होतं तिचं. चार भाव, आणि ऐकणारा अर्थ लावण्याऐवजी मोजत बसतो. शिवाय भाव खाणे म्हणजे मिजास करणे, आणि त्या भावाने मिजास नव्हती केली, त्याने हिस्सा मागितला होता. म्हणजे चौथा भाव खोटाच होता. शब्द जुळतो म्हणून घेतला होता, घडलेल्या गोष्टीत तो नव्हता.

दुसरा: "जिथे जागेचा भाव, तिथे भावाला घाव." यमक गोड आहे पण घाव कशाला, कोणी मारामारी केली नव्हती. तो घाव भाव या शब्दाला जोडी हवी म्हणून आला. कोणता शब्द गोष्टीतून आला आणि कोणता यमकाने आणला हे ओळखायचं असेल तर वाक्याचा शेवटचा शब्द झाका आणि विचारा, इथे मी साधं बोलताना काय म्हटलं असतं? मी "घाव" कधीच म्हटलं नसतं.

मग साधंच बोलायला बसलो. जागेला भाव आला. भाऊ भाऊ उरला नाही. कशात उरला नाही? भावात. आणि तिथे ते सामान्यरूप आपोआप आलं, "भावात" म्हणजे दराच्या बोलण्यात, आणि "भावात" म्हणजे त्या भावामध्ये.

"जागेला भाव आला, भावात भाऊ नाही उरला."

आता एकेक अर्थ झाकून बघा. फक्त दर धरला तर: किमतीच्या गणितात भाऊ शिल्लक राहिला नाही. खरं. फक्त भाऊ धरला तर: त्या माणसात आता पूर्वीचा भाऊ राहिला नाही. हेही खरं, आणि याचं जास्त वाईट वाटतं. दोन्ही वाक्यं माणूस खरंच बोलेल अशी आहेत, व्याकरण कुठे मोडलं नाही, आणि "आला, उरला" हे यमक शोधायला लागलं नाही, मराठी वाक्य तसंही तिथेच संपतं. ही मी ठेवली.

ओढूनताणून झालंय हे स्वतःचं स्वतःला कसं कळणार?

वर दोन खुणा आल्याच, साक्षीदार नसणं आणि खोटा शब्द. तिसरी म्हणजे तुम्ही ती म्हणताना कुठे थांबता ते बघा. श्लेषाच्या शब्दावर जोर द्यावा लागला, किंचित हसून समोरच्याकडे बघावं लागलं, लिहिताना त्याला अवतरणचिन्ह द्यावंसं वाटलं, तर तुमचाच त्या शब्दावर विश्वास नाही. अवतरणचिन्ह काढा आणि दुसऱ्या दिवशी वाचा.

अजून एक, शक्य असेल तर ज्याला दुसरा अर्थ माहीतच नाही अशा माणसाला ऐकवा. त्याला वाक्य नुसतं बरं वाटलं, "खरंय" म्हणाला, तर चांगलं आहे. तो "म्हणजे?" म्हणाला तर तुमचा पहिला अर्थच कच्चा आहे, श्लेष दूरच.

हिंदी-मराठी मिळून केलेला श्लेष चालेल का? आपण इंदूरवाले, दोन्ही भाषा तोंडात असतात.

चालेल, आणि हे आपलं खास दुकान आहे असं मी म्हणतो, पण गिऱ्हाईक ठरलेलं आहे हे लक्षात ठेवा.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. चेष्टा हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. संसार तिकडे जग, इकडे घरप्रपंच. खाली तिकडे रिकामं, इकडे वर-खाली मधलं. या जोड्या सगळ्यांना माहीत असतात आणि म्हणूनच सगळे तेच तेच विनोद करतात. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, "शाळेची फी बघितली, हिंदीतली शिक्षा मराठीत कळली." मला हे आवडलं, पहिलं बक्षीस नाही दिलं पण आवडलं. शिक्षा हा शब्द एकदाच आलाय आणि दोन्ही अर्थ त्या फीच्या पावतीवर खरे आहेत. पहिलं का नाही दिलं तर "हिंदीतली" आणि "मराठीत" असं नाव घेऊन सांगावं लागलं, म्हणजे जादूगाराने बाही वर करून दाखवली.

उलट एका काकूंची होती: "ऐकत नाही ती सून." वाचलं तर साधी सासूची तक्रार, मराठीत पूर्ण. पण इंदूरच्या कानाला त्यात हिंदीतलं "सुन" ऐकू येतं, म्हणजे ऐक, आणि ऐकत नाही तिचंच नाव ऐक, "जात नाही ती जात" च्या चालीवर. यात काहीच उघड केलेलं नाही. ज्याला लागलं त्याला लागलं. फक्त सभागृहातल्या सुनांनी निषेध नोंदवला आणि तोही हिंदीत, त्यामुळे तो प्रकार वाढला.

पुण्याच्या माझ्या मावसभावाला ही म्हण ऐकवली तर तो म्हणाला, "बरं, मग?" त्याला हिंदी येतं, पण हिंदी त्याच्या कानात आपसूक वाजत नाही. मिश्र श्लेषाची हद्द एवढीच आहे, ती ओळखून वापरा.

सभंग श्लेष, म्हणजे शब्द तोडून केलेला, तो करून बघू का?

शाळेत आपण शिकलो ते "नवरी" आणि "न वरी", किंवा दमयंतीच्या तोंडचं "औषध नलगे मजला", म्हणजे औषध नको असं आईला ऐकू येतं आणि "नल गे मजला" असं तिला म्हणायचंय. सुंदर आहे. पण तिथे जुनी काव्याची भाषा आहे, "नलगे" आज कोणी म्हणत नाही, त्यामुळे बोलीत तोडायला शब्द फार कमी मिळतात. तोडलेल्या शब्दाचे दोन्ही तुकडे रोजच्या बोलण्यातले असतील तरच करा. मला आजवर स्पर्धेत एकही जमलेला मिळाला नाही, "दु-कान" मात्र चार वेळा आलंय.

चावट अर्थाचं काय?

ते सगळ्यात सोपं असतं म्हणून सगळ्यात आधी सुचतं. मंडळात लहान मुलं बसलेली असतात, तेव्हा नको. बाकी तुमचं तुम्ही बघा.

एकाच शब्दाऐवजी अख्खा वाक्प्रचार दुहेरी असेल तर?

हे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि याच्याकडे लोक बघतच नाहीत. मराठीत "लावणे, ठेवणे, पडणे, बसणे, खाणे" अशी क्रियापदं एखाद्या नामाला चिकटून भलताच अर्थ देतात. वाट दाखवणे आणि वाट लावणे. "वाट दाखवायला आला, वाट लावून गेला" हे कोणीही सहज म्हणून जातो, त्याला आपण शब्दखेळ केला हे कळतही नाही.

आमच्या एका आत्यांचं सांगतो. रामबागेत बारसं होतं, पोराचं नाव जरा नवीन पद्धतीचं ठेवलं होतं, आणि आलेल्या बायका पंगतीत बसून नावापासून मठ्ठ्यापर्यंत सगळ्याला काहीतरी बोलून गेल्या. सगळ्या गेल्यावर आत्या पाटावरून उठता उठता म्हणाल्या, "बारशाला आल्या, नावं ठेवून गेल्या." कोणी हसलं नाही आधी, मग एकदम सगळे. एका बाळाला एकच नाव ठेवतात, त्या एका अनुस्वाराने नावाची नावं केली आणि कौतुकाची निंदा झाली. आत्यांनी हे जुळवलं नव्हतं. समोर बारसं होतं, समोर निंदा होती, दोन्हीला मराठीत तेच शब्द आहेत, त्यांनी फक्त जे झालं ते सांगितलं.

तसंच आपला सराफा. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर दहीवडे, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू. पाहुण्यांना घेऊन जायचं म्हणजे पाकिटाचं काही खरं नसतं. "चाट" या शब्दावर आपल्याकडे किती बसलंय बघा: खायची चाट, चाट पडणे म्हणजे थक्क होणे, खिशाला चाट बसणे म्हणजे खर्चात पडणे. मोह होतो तिन्ही कोंबायचा. पण एकच ठेवा: "सराफ्यात पाहुणे नेले, चाट मला बसली." पाहुण्यांनी काय खाल्लं ते सांगायची गरजच नाही, सराफा म्हटल्यावर कळतं. सराफा हाच तिथला साक्षीदार. इंदूरबाहेर मात्र तो साक्षीदार मुका आहे, सराफा म्हटलं की त्यांना फक्त सोनं दिसतं, आणि गंमत अशी की तरीही वाक्य चालतं.

आपली म्हण खरंच म्हण झाली की नाही, हे कसं समजतं?

ती तुमच्याशिवाय परत आली की. आणि बहुतेक वेळा ती बदलून येते, याची तयारी ठेवा.

माझी ती वाड्याची म्हण मी दोन-तीन ठिकाणी बोललो होतो. वर्षभराने देवासला एका लग्नात, पंगतीत, मला अजिबात न ओळखणारा एक गृहस्थ दुसऱ्याच कुठल्या तरी प्लॉटच्या भांडणाबद्दल सांगत होता, आणि शेवटी हात झटकून म्हणाला, "काय सांगणार, भाव आला पण भाऊ गेला."

मी जिलबी हातात घेऊन तसाच बसलो. माझं "भावात" गेलं होतं, ज्याच्यावर मी एवढा खूश होतो ते सामान्यरूप कोणीतरी वाटेत टाकून दिलं होतं, श्लेष म्हणावा असा त्यात राहिलाच नव्हता. त्याच्या जागी "गड आला पण सिंह गेला" ची चाल येऊन बसली होती, जी शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानात आधीपासूनच आहे. मी त्यांना मूळ वाक्य सांगायला तोंड उघडलं, मग मनात दोन्ही एकदा म्हणून बघितली, आणि त्यांना मठ्ठा वाढायला सांगितला.